सानिका की सनक? वाढदिवसाच्या कार्डावर नावाची कविता बांधण्याचे पर्याय

मुलाच्या नावातलं एकेक अक्षर घ्यायचं, त्याने एकेक ओळ सुरू करायची आणि ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की नाव तयार. ऐकायला सोपं वाटतं, पण मराठीत पहिल्याच पायरीला प्रश्न उभा राहतो: नावातलं ‘एक अक्षर’ म्हणजे नेमकं काय? कवितेत किती ओळी येणार, त्या किती अवघड असणार आणि ज्याचं नाव आहे त्या मुलाला ते सापडणार का, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

‘सानिका’ हे नाव घेऊ. ते तीन प्रकारे फोडता येतं.

पहिला प्रकार मात्रेसकट अक्षर धरण्याचा: सा, नि, का. ओळी तीन. पहिली ‘सा’नेच सुरू व्हायला हवी, ‘स’, ‘सो’ किंवा ‘सु’ चालणार नाही.

दुसऱ्या प्रकारात मात्रा सोडून फक्त व्यंजनं घेतात: स, न, क. शब्दांची निवड कितीतरी पटीने वाढते, म्हणून घाईत असलेला माणूस हाच मार्ग धरतो. आता ती अक्षरं वरून खाली वाचा. ‘सनक’. ‘मीरा’चं याच पद्धतीने ‘मर’ होतं, आणि ते वाढदिवसाच्या कार्डावर, ठळक रंगात, एकाखाली एक! लिहिणाऱ्याच्या डोक्यात नाव पक्कं असल्याने त्याला हे दिसत नाही. वाचणाऱ्याला लगेच दिसतं. ‘कमल’, ‘वरद’, ‘पवन’ अशा मुळातच बिनमात्रेच्या नावांना हा धोका नाही. बाकी नावांसाठी ही पद्धत सोडून द्यावी.

तिसऱ्या प्रकारात नावाचं इंग्रजी स्पेलिंग घेतात आणि एस, ए, एन, आय, के, ए अशी सहा अक्षरं मांडून प्रत्येकापुढे मराठी ओळ लिहितात. ओळी भरपूर मिळतात, ‘ए’साठी अ किंवा आ काहीही चालतं. पण डावीकडे एक लिपी आणि उजवीकडे दुसरी असली की ओळीचं पहिलं अक्षर नावाचं राहत नाही, ते फक्त त्याच्याशी जुळणारा आवाज होतो. मूल अजून देवनागरी वाचत नसेल आणि स्वतःचं नाव इंग्रजीतच ओळखत असेल, तर मात्र हाच पर्याय योग्य, कारण त्याला निदान उभं नाव तरी वाचता येईल.

बाराखडी शिकलेल्या मुलासाठी आमचं मत ठामपणे पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. ‘सा’ आणि ‘नि’ ही अक्षरं ते मूल तशीच वाचतं. बोट ठेवून खाली उतरताना स्वतःचं नाव ऐकू आलं की कार्ड त्याचं झालं.

पहिला प्रकार अवघड वाटतो, कारण बहुतेक जण आधी अक्षर घेतात आणि मग त्या अक्षराचे गुणवाचक शब्द शोधतात. सा म्हणजे सालस, नि म्हणजे निरागस, का म्हणजे कामसू. असे शब्द मोजकेच असतात आणि ते कोणत्याही मुलीला लागू पडतात. क्रम उलटा केला की वाट मोकळी होते. आधी मुलाबद्दल दहा-बारा साध्या गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय विचारतो, काय लपवतो, कोणता रंग संपवतो, कशावर रुसतो. मग त्यातलं कोणतं वाक्य हव्या त्या अक्षराकडे वळवता येईल ते पाहावं. इथे मराठीची रचना फार उपयोगी पडते. ‘ती निळा खडू भिंतीवर झिजवते’ या वाक्यातला जवळजवळ कोणताही शब्द आपण पुढे आणू शकतो: ‘निळा खडू…’, ‘भिंतीवर निळा…’, ‘झिजवते निळा…’. अर्थ तोच राहतो, पहिलं अक्षर बदलतं. शिवाय सारखी, नुसती, काल, मग, आता, जेव्हा असे सुट्टे शब्द वाक्याच्या सुरुवातीला सहज बसतात. विशेषणापेक्षा ते कितीतरी जास्त कामाचे.

समजा, सानिका सहा वर्षांची होते आहे. यादीतल्या तीन गोष्टी अशा: ती चंद्राबद्दल सतत विचारते, निळा खडू सगळ्यात आधी संपवते आणि वय विचारलं की बोटं दाखवते. पाच वर्षांपर्यंत एका हाताची बोटं पुरली, आता दुसरा हातही वर करावा लागणार. पहिली गोष्ट ‘सारखी’ने सुरू होऊ शकते, दुसरी ‘निळा’ने, तिसरी ‘काल’ने:

सारखीच विचारते, चंद्र कुठे गं झोपला;
निळा खडू झिजवून भिंतीवर ढग केला;
काल पुरे एक हात, आज दुजा वर आला.

वयाची ओळ शेवटी आली हा योगायोग नाही. कार्ड वाढदिवसाचं आहे हे शेवटच्या ओळीने सांगावं, म्हणून सगळ्यात आधी शेवटच्या अक्षराची ओळ जुळवावी, त्यानंतर नावातल्या सगळ्यात अडेल अक्षराची आणि उरलेल्या सोप्या ओळी शेवटी. पहिल्या अक्षरापासून क्रमाने लिहीत गेलं, तर चांगली कल्पना वरच्या ओळीत खर्च होते आणि खाली ‘खूप खूप शुभेच्छा’ कोंबावं लागतं.

आता छंद की मुक्त ओळी? वरच्या ओळी अष्टाक्षरीच्या आहेत: आठ अक्षरांचा एक तुकडा, त्यात चार अक्षरांनंतर छोटा थांबा, असे दोन तुकडे मिळून एक ओळ. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं, म्हणून ‘चंद्र’ची अक्षरं दोन. कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं जाणार असेल, तर हा छंद घ्यावा. चौथ्या अक्षरावर शब्द संपत असला की लहान मूल ओळ दोन-तीनदा ऐकून पाठ म्हणतं. आकडा आठ भरूनही ओळ अडखळत असेल, तर थांबा शब्दाच्या मधोमध पडलाय का ते पाहा. ‘आज दुसरा लागला’ यात अक्षरं आठच आहेत, पण चौथं अक्षर ‘दुसरा’च्या पोटात येतं. ‘आज दुजा / वर आला’ केलं की चाल सरळ होते. कार्ड मूल एकटंच वाचणार असेल, तर मुक्त ओळी बऱ्या: ‘सारखी विचारतेस, चंद्र झोपतो कुठे?’ हे बोलल्यासारखं आहे आणि त्यात ‘दुजा’सारखा काव्यातला शब्द समजावून सांगावा लागत नाही. यमकासाठी ओढूनताणून शब्द आणावा लागतोय असं वाटलं की मुक्त ओळींकडे वळावं.

ओळींची संख्या नावच ठरवतं. मीरा, रिया, ओम अशा नावांना दोनच ओळी मिळतात, तेव्हा प्रत्येक अक्षराला दोन ओळींची जोडी द्यावी आणि दुसरी ओळ आत सरकवून लिहावी. हे आत सरकवणं विसरू नका. सानिकाच्या सोळा अक्षरांच्या ओळी लहान कार्डावर मावल्या नाहीत आणि त्या दोन तुकड्यांत डावीकडूनच लिहिल्या, तर उभं वाचन सा-चं-नि-भिं-का-आ असं होतं.

खरी कसोटी लागते ती ण आणि ळ असलेल्या नावांना. मराठी शब्द या अक्षरांनी सुरू होत नाहीत. प्रणव, मृणाल, करुणा, प्रांजळ ही नावं आद्याक्षरांनी पूर्ण करता येत नाहीत, आणि ण ऐवजी न वापरणं म्हणजे मुलाचं नावच बदलणं. यातून सुटायला दोन मार्ग आहेत. एक, नाव ओळींच्या शेवटी आणायचं: पण, आपण, कोण, क्षण, सकाळ, खेळ, आभाळ असे शब्द शेवटाला सहज मिळतात. प्रांजळचा ‘ळ’ असा सुटतो, पण ‘प्रां’ने संपणारा शब्द कुठून आणणार? म्हणून दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: ओळी अशा मांडायच्या की नावाची अक्षरं पानाच्या मधल्या उभ्या रेषेवर एकाखाली एक येतील, मग ती ओळीत कुठेही असोत. प्रणवसाठी ‘रोज नवे प्रश्न’, ‘खेळताना क्षण एक थांबत नाही’ आणि ‘झाडावर चढून बसतो’ यांतले प्र, ण, व एका रेषेत आणून ठळक करता येतात. ओळी डावीकडे-उजवीकडे सरकतात, पण नाव अख्खं राहतं. यात अर्धवट मिसळ मात्र करू नये. दोन अक्षरं सुरुवातीला आणि एकच मध्ये आलं की ते चुकून राहिल्यासारखं दिसतं.

जोडाक्षरांना सरसकट घाबरायचं कारण नाही. श्व, ज्ञा, क्षि, स्व, न्या यांनी शब्द सुरू होतात. अनन्याच्या ‘न्या’ला ‘न्याहाळते’ मिळतो. अडतात ती र्या, न्वी, द्धी अशी. आर्यासाठी आ-र-या अशी तीन ओळींची फोड करता येते. उभं वाचन ‘आरया’ होतं, ते चालून जातं, पण तेव्हा कार्डाच्या वर पूर्ण नाव शुद्ध लिहिलेलं हवंच. ‘यी’ सुरुवातीला मिळत नाही, त्यामुळे मृण्मयीसाठी पुन्हा मधली रेषाच घ्यावी. री, नी, वी, ती यांना मात्र रीत, नीट, वीज, तीन असे शब्द आहेत. तिथे ह्रस्व-दीर्घाची सवलत घेण्याची गरज नाही.

हाताने लिहिणार असाल, तर नावाचं अक्षर वेगळ्या रंगात लिहा, पण शिरोरेषा तोडू नका. ‘सा’ मोठा चौकटीत आणि ‘रखीच’ लांब, असं झालं की मूल ‘रखीच’ वाचून थबकतं. कॉम्प्युटरवर रंग देताना पूर्ण अक्षर निवडावं. ‘नि’मधला फक्त ‘न’ निवडून रंगवला, तर काही प्रोग्रॅममध्ये वेलांटी सुटी होते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पडद्यावर ठीक दिसलं तरी छापण्याआधी एक प्रत काढून पाहावी, कारण फॉन्ट बदलला की हाच दोष छपाईत परत येतो.

गुणवाचक शब्दांची यादी, म्हणजे सालस, निरागस, कामसू, एका बाबतीत उजवी ठरते: कार्ड धाकटं भावंड स्वतः लिहिणार असेल तेव्हा. तीन शब्द त्याला लिहिता येतील, सोळा अक्षरांची ओळ येणार नाही. मग शब्द तरी त्यालाच निवडू द्यावेत. ‘सा’साठी तो ‘सायकल’ सांगेल, आणि ताईला तेच ‘सालस’पेक्षा जास्त ओळखीचं वाटेल.