१९१५ ला फोन करावा की जिल्हा आयोगात तक्रार दाखल करावी?

मोबाईल बिघडला, दुकानदार हात वर करतो, रिफंड अडकतो. अशा वेळी तरुण मुलांसमोर दोन दारं असतात. एक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. दुसरं जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दोन्हीकडे ‘तक्रार’च करायची असल्याने अनेकांना ती एकच वाटतात, पण दोन्हींच्या हातात असलेली ताकद अगदी वेगळी आहे.

हेल्पलाइन ही मध्यस्थ आहे. तुम्ही फोनवर मराठीत बोलून किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवता, तुम्हाला डॉकेट नंबर मिळतो आणि तक्रार कंपनीकडे जाते. कंपनीने चूक मान्य केलेली असेल आणि पैसे नुसते रखडले असतील, तर हाच रस्ता धरा. ऑर्डर रद्द झाली पण पैसे खात्यात आले नाहीत, चुकीचीच वस्तू दोनदा पाठवली, अशी प्रकरणं इथे बऱ्याचदा सुटतात, कारण वाद घालण्यासारखं काही नसतंच. पण हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही. कंपनीने ‘आमच्या धोरणात बसत नाही’ एवढंच कळवलं, तरी तक्रार बंद झालेली दिसू शकते.

आयोग हुकूम देतो. पैसे परत करा, वस्तू बदलून द्या, नुकसानभरपाई द्या, असा आदेश निघतो आणि तो न पाळणाऱ्याला दंड किंवा कैदही होऊ शकते. त्यासाठी मोजावा लागतो तो वेळ. कायद्यात साधारण ३ महिन्यांची मुदत आहे, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिन्यांची; प्रत्यक्षात तारखा पडत जातात आणि त्याहून बराच काळ लागू शकतो. मनाची ही तयारी ठेवूनच आयोगाकडे जावं.

एक उदाहरण घेऊ. लातूरची एक मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने १८,५०० रुपयांचा फोन घेतला. तिसऱ्या महिन्यात स्क्रीन काळी पडली. सर्व्हिस सेंटर म्हणालं, आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही. फोन पाण्यात पडलेलाच नाही, असं तिचं म्हणणं.

इथे खरा वाद आहे आणि तो कागदावर ठरतो. सर्व्हिस सेंटर जी जॉबशीट देतं, तिच्यावर घाईत सही करू नये. आत पाणी गेल्याचा फोटो मागावा, आणि सही करताना ‘हे कारण मला मान्य नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहून त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. बिलावर फोनचा आयएमईआय नंबर आहे ना, हे खरेदीच्या दिवशीच पाहायचं. ‘एस्टिमेट’ लिहिलेली कच्ची पावती दिली तर पक्कं बिल मागून घ्या. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच प्रथा: बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. हिचा फोन तिसऱ्या महिन्यात बिघडला, त्यामुळे तिचा मुख्य आधार वॉरंटीच.

माझा सल्ला असा, की तिने आधी कंपनीला लेखी ईमेल पाठवावा, मग १९१५ वर नोंद करावी, आणि महिन्याभरात हाती काही लागलं नाही तर आयोगात जावं. हेल्पलाइनवर गेलेला वेळ वाया जात नाही. कंपनीचं लेखी उत्तर पुढे पुरावा म्हणून जोडता येतं. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगात जायला २ वर्षं मिळतात, आणि हेल्पलाइनवर तक्रार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं.

खर्चाची धास्ती मात्र नको. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. भरपाई किती मागितली यावर फी ठरत नाही, त्यामुळे फोनच्या किमतीसोबत तिने मनस्तापाचे १०,००० मागितले तरी फी शून्यच. वकील सक्तीचा नाही. राहत्या किंवा नोकरीच्या ठिकाणी तक्रार करता येते, म्हणून कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी तिला पुण्यात दाखल करता येईल. e-jagriti.gov.in वरून ऑनलाइनही होतं: तक्रारअर्ज, शपथपत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट आणि ईमेल. सामनेवाले म्हणून दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी अशी तिन्ही नावं घालावीत, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तक्रार ४०० रुपयांच्या इअरफोनची असेल तर मी १९१५ वरच थांबेन. १८,५०० रुपये आणि हाताशी जॉबशीट असेल, तर आयोगापर्यंत जाईन.