सेल्स रिव्ह्यूचं रेकॉर्डिंग आणि चार रकाने: सात महिन्यांनंतर

आमची कंपनी पाण्याचे पंप विकते. दर महिन्याला पाच विभागांचा रिव्ह्यू होतो, दोन-सव्वादोन तास चालतो. त्याचा तक्ता करणं माझ्याकडे. आधी वहीत टिपायचे. सात महिन्यांपासून रेकॉर्डिंगवरून आपोआप मजकूर काढणारं सॉफ्टवेअर वापरते आणि त्यावरून विभाग, टार्गेट, तूट, कारण असे चार रकाने भरते.

वेळ नक्की वाचतो. पूर्वी अख्खा दिवस जायचा, आता दुपारपर्यंत तक्ता साहेबांच्या टेबलावर असतो. पण मजकुरावर डोळे झाकून भरवसा ठेवला की फसलोच. मराठी आकडे त्याला झेपत नाहीत. खानदेशच्या मॅनेजरांनी ‘अडीच लाखांची बिलं पुढच्या महिन्यात गेली’ म्हटलं, तिथे ‘आधीच लाखांची बिलं’ असं उतरलं. वाचताना खटकलंही नाही. आता पाव, सव्वा, दीड, अडीच, पावणे असला कुठलाही आकडा आला की तेवढा तुकडा ऐकतेच.

खरी डोकेदुखी कारणाच्या रकान्याची. जूनअखेरच्या तिमाहीतला मराठवाडा घ्या. टार्गेट ८० लाखांचं होतं, मे महिन्यात ते ७२ वर आणलं. बिलिंग झालं साडेएकसष्ट. मीटिंगमध्ये कुणी ८० धरून बोलत होतं, कुणी ७२ धरून, त्यामुळे तूट कधी साडेअठरा तर कधी साडेदहा. मी दोन्ही टार्गेटं लिहिते, तूट मात्र सुधारित टार्गेटवरच काढते आणि तसं वर नोंदवते.

मॅनेजर म्हणाले, ‘डिस्ट्रिब्युटरचं क्रेडिट लिमिट भरलं, ऑर्डरी अडकल्या.’ माझ्या पहिल्या तक्त्यात एवढंच होतं. साहेबांनी विचारलं, ‘साडेदहाच्या साडेदहा लाख यातच गेले?’ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, तर पंचवीस मिनिटांनी, दुसऱ्याच विषयात, ते सांगून गेले होते की अडकलेल्या ऑर्डरी दोन, मिळून सव्वासहा लाखांच्या. उरलेल्या सव्वाचार लाखांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक कारणापुढे त्याची रक्कम आणि रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिते. उरलेल्या रकमेपुढे ‘कारण सांगितलं नाही’. मॅनेजर लोकांना हे फारसं रुचत नाही. एकांनी फोन करून ‘ताई, पाऊस लिहा ना तिथे’ म्हटलं. पावसाचं नाव मीटिंगमध्ये निघालं नव्हतं, मी लिहिलं नाही.

अजून न सुटलेलं एक दुखणं आहे. टेबलावर एकच फोन ठेवून रेकॉर्ड केलं की कोण बोललं ते सॉफ्टवेअरला कळत नाही. एकदा साहेबांचाच अंदाज, ‘तुमचा माल दुकानदाराकडे पडून असेल’, विदर्भाचं कारण म्हणून तक्त्यात गेला. आता मीटिंग सुरू होतानाच सांगते, बोलण्याआधी विभागाचं नाव घ्या. पहिली दहा मिनिटं सगळे घेतात.