लोन लवकर फेडायचंय? मग फिक्स्ड की फ्लोटिंग, आधी हे बघा

आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत. माझं होम लोन एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं, फिक्स्ड, म्हणजे व्याजदर ठरलेला. बायकोचं बँकेचं, फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा. 2022 च्या मे पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट 4 टक्क्यांवरून 6.50 टक्क्यांवर गेला तेव्हा तिची मुदत वाढत चालली होती आणि मी मात्र आरामात होतो, हे आधीच कबूल करतो.

खरी गंमत लोन बंद करताना कळली. गावाकडची जमीन विकली गेली, माझे 14 लाख बाकी होते, हातात 10 आले, म्हटलं उरलेल्या चारासाठी बायकोचे दागिने बँकेत ठेवून गोल्ड लोन घेऊ आणि एकदाचं मोकळं होऊ. कंपनीचा नियम असा की फिक्स्ड लोन स्वतःच्या पैशातून फेडलं तर चार्ज नाही, पण दुसऱ्या बँकेकडून उसने आणून फेडलं तर 2 टक्के. त्यांनी सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं, त्यात गोल्ड लोनची एंट्री दिसली, झालं! चार्ज चार लाखांवर नाही, पूर्ण 14 लाखांवर लावला. 28,000, वर 18 टक्के जीएसटी 5,040, म्हणजे 33,040. भांडलो, पण अॅग्रीमेंटमध्ये तसंच लिहिलेलं होतं, माझी सही होती.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते हे की माझंच कर्ज मी फेडतोय आणि पैसे कुठून आणले याचा हिशोब मलाच द्यावा लागतोय.

बायकोचं बंद केलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनवर बँकांना फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करण्याचा चार्ज, घ्यायला रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बंदी घातली. आता 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा रिन्यू झालेल्या लोनला नवे नियम लागू आहेत, त्यात तर पैसे कुठून आले हा प्रश्नच नाही आणि अमुक काळ थांबूनच फेडा असं लॉक-इनही नाही. हे फक्त फ्लोटिंगला बरं का. फिक्स्डचा चार्ज ज्याच्या त्याच्या पॉलिसीप्रमाणे, पण तो आधी कागदावर सांगितलेला नसेल तर घेता येत नाही, म्हणून सही करायच्या आधी केएफएस, म्हणजे लोनच्या मुख्य अटी आणि चार्जेसचा कागद, नीट वाचा. आणि "पहिली तीन वर्षं फिक्स्ड, मग फ्लोटिंग" वालं नवं लोन असेल तर फेडताना ते कुठल्या रेटवर आहे त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे तीन वर्षं होत आली असतील तर थोडं थांबून फेडा.

ज्याला शेवटपर्यंत हप्ताच भरायचाय, मध्ये एकरकमी काही येणार नाही, त्याला फिक्स्ड वाईट नाही, कदाचित बरंच. पण बोनस, जमीन, पीएफ असं काही येण्याची शक्यता असेल तर मी तरी पुन्हा फिक्स्डच्या वाटेला जाणार नाही, परवा मेहुण्याने विचारलं तेव्हा त्यालाही फ्लोटिंगच घ्यायला लावलं.