जंपसूट की डंगरी? आधी धडाची लांबी मोजा

माझी आणि धाकट्या बहिणीची मापं अगदी सारखी: कंबर ७६ सेंटीमीटर, नितंब १००. साइझ चार्टप्रमाणे दोघींची साइझ एकच. तरी एकच जंपसूट तिला छान बसला आणि मी तो घालून खुर्चीत टेकले, तर खांदे खाली ओढले गेले आणि पायांमधली आसनाची शिवण काचायला लागली.

फरक निघाला तो चार्टमध्ये नसलेल्या मापात. टेपचं टोक मानेजवळ खांद्यावर धरायचं, टेप पुढून खाली आणून पायांमधून मागे न्यायची आणि पाठीवरून परत त्याच जागी आणायची. बहिणीचा हा घेर १५२ भरला, माझा १६४. जंपसूट सपाट पसरून तसाच मोजला: पुढून ७७, मागून ८३, मिळून १६०. म्हणजे तिला ८ सेंटीमीटर मोकळीक, आणि मला ४ कमी. न ताणणाऱ्या कापडात निदान ५ ते ८ जास्त हवेतच, कारण बसताना आणि वाकताना पाठीकडची बाजू लांबते. होजिअरीत त्याहून कमी चालतं.

मग मोठी साइझ घ्यावी? मी घालून पाहिली. कंबर ५ सेंटीमीटरने वाढली, पण हा घेर फक्त ३ ने. बाजूंनी पोतं झालं आणि आसन काचतच राहिलं. उंच धडाच्या माणसाची फसगत इथेच होते.

डंगरीत हा घेर खांद्यावर पट्ट्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे बक्कल सरकवून तो कमीजास्त करता येतो. माझ्या डंगरीचा घेर पट्टे आखडले की १६० आणि पूर्ण सोडले की १७२ भरतो. मी १७० वर ठेवते. अजून लागलाच तर पट्टे बदलून लांब लावता येतात, हे सगळ्यात सोपं काम. मात्र कंबर ते आसन हे अंतर पट्ट्यांनी बदलत नाही. ते कमी असेल तर पट्टे सोडल्यावर कंबरेची शिवण खाली उतरते आणि छातीवरचा भाग पोटावर येतो. शिवाय कापड ताणत नसेल तर बाजूची बटणं उघडून नितंबांवरून डंगरी चढते का, तेही पाहावं लागतं.

धड आखूड असेल तर गणित उलटं. पट्टे पूर्ण आखडले की पुढचा भाग गळ्याशी येतो, तरी आसन लोंबतंच. अशा वेळी मी कंबरेला शिवण असलेला जंपसूट घेईन, कारण तिथे जादा कापड सहज दाबता येतं. लांब धडासाठी मात्र तिथे उसवून फार काही मिळत नाही. माया सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचीच असते, त्यामुळे नवी पट्टी जोडावी लागते.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं उभं राहू नका. बसा, बुटाची लेस बांधायला वाका, दोन्ही हात वर करा. हात वर करताना आसन ओढलं गेलं, तर कंबर कितीही नेमकी बसली तरी तो जंपसूट परत ठेवा.