नियम, अधिकारश्रेणी आणि नोंद: नोकरशाहीचा जुना साचा कुठे ठेवावा, कुठे सोडावा

एखादी सेवा नव्याने उभी करताना किंवा जुन्या विभागाची फेररचना करताना एक प्रश्न हमखास पुढे येतो: काम ठरलेल्या नियमांनी आणि वरिष्ठांच्या मंजुरीने चालवावे, की प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या विवेकावर सोपवावे? पहिल्या पद्धतीचे शास्त्रशुद्ध वर्णन जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केले. त्यात नेमून दिलेले अधिकारक्षेत्र, वरून खाली उतरणारी अधिकारश्रेणी, सर्वांना सारखे लागू होणारे नियम आणि लेखी अभिलेख हे घटक एकत्र येतात. माझ्या मते निवड करताना होणारी मोठी चूक म्हणजे हे घटक एकसंध समजून सगळेच स्वीकारणे किंवा सगळेच टाकून देणे. आरोग्यसेवेतील दोन कामे शेजारी ठेवून पाहिली की हे स्पष्ट होते.

पहिले काम रक्तसंक्रमणाचे. रुग्णाचे रक्त घेतल्यावर त्याच्या खाटेजवळच नमुन्यावर नाव आणि ओळख क्रमांक लिहायचा, आणि लेबल अपुरे असेल तर रक्तपेढीने तो नमुना परत पाठवायचा, हा नियम बाहेरून आडमुठा वाटतो. परंतु रक्तगट चुकण्यामागे प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा ओळखीतील गफलत हे अधिक नेहमीचे कारण असते, आणि न जुळणाऱ्या गटाचे रक्त प्राणघातक ठरू शकते. येथे चुकीचे कारण ठाऊक आहे, प्रसंग रोज त्याच स्वरूपात येतो आणि चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. अशा ठिकाणी व्यक्तिगत हुशारीपेक्षा नियम भरवशाचा असतो. लेखी नोंदीचे मोल तर पुढेही टिकते, कारण रक्तदात्यात काही काळाने संसर्ग आढळला तर पिशवीच्या क्रमांकावरून ते रक्त कोणाला दिले गेले हे शोधता येते.

या व्यवस्थेत अपवादाचीही सोय असते, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. अतिरक्तस्राव होत असलेल्या रुग्णासाठी जुळणी चाचणीची वाट पाहता येत नसेल, तर डॉक्टर लेखी जबाबदारी घेऊन चाचणीपूर्वीच ‘ओ’ गटाचे रक्त मागवू शकतात. नियम कधी मोडावा, तो कोणी मोडावा आणि त्याची नोंद कुठे राहावी हे नियमातच लिहिलेले असल्यामुळे आणीबाणीत कोणाला वरिष्ठांची परवानगी शोधत फिरावे लागत नाही.

दुसरे काम घरी जाऊन करायच्या शुश्रूषेचे. नेदरलँड्समध्ये ही सेवा एके काळी लहान लहान ‘उत्पादनां’त विभागली गेली होती: इंजेक्शन, आंघोळ, मलमपट्टी, प्रत्येकाला वेगळा वेळ आणि वेगळ्या पातळीचा कर्मचारी. कागदोपत्री हे काटेकोर होते, पण एकाच वृद्धाच्या घरी अनेक अनोळखी माणसे येऊन जात आणि त्याची प्रकृती हळूहळू ढासळते आहे हे सलगपणे पाहणारे कोणी उरत नसे. 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘बुर्टझोर्ग’ या संस्थेने जास्तीत जास्त 12 जणांचे गट केले आणि व्यवस्थापकांची मधली फळी ठेवलीच नाही. रुग्णांची विभागणी, वेळापत्रक आणि नवी भरती हे निर्णय परिचारिकाच घेतात. मात्र रुग्णाची माहिती परिचारिका ठरावीक वर्गीकरणानुसारच नोंदवतात. म्हणजे अधिकारश्रेणी गेली, नोंद राहिली, आणि गटाच्या आकारासारखे मोजके नियमही राहिले.

या दोन उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की नियम, अधिकारश्रेणी आणि नोंद या तिन्हींत अधिकारश्रेणी सर्वांत आधी निकामी होते, कारण माहिती खालच्या पातळीवर असते आणि निर्णय वर होतो. 2003 मध्ये ‘नासा’च्या कोलंबिया या अंतराळयानाच्या पंखाला उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा धडकला, तेव्हा अभियंत्यांना कक्षेतील यानाची छायाचित्रे हवी होती. अशी मागणी अधिकृत मार्गाने आलेली नाही म्हणून ती विनंती व्यवस्थापनाने रद्द केली, आणि परतीच्या प्रवासात त्या पंखामुळे यान तुटून सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. माहितीचे वजन ती कोणत्या मार्गाने आली यावर ठरू लागले की साचा धोकादायक होतो.

आपल्या विभागात हे होत आहे का, हे ओळखण्यासाठी एका महिन्यात वर पाठवलेली प्रकरणे तपासावीत. त्यांतील बहुतेक खालच्याच शिफारशीप्रमाणे मंजूर होत असतील, तर ती पायरी केवळ वेळ घेते आहे आणि अधिकार खाली देता येतो. ‘विशेष बाब’ म्हणून येणारी प्रकरणे वाढत असतील, तर प्रसंग नियमात बसेनासे झाले आहेत. आणि कर्मचारी अधिकृत नोंदवहीबरोबर स्वतःची वेगळी वही ठेवत असतील, तर फेररचनेची सुरुवात त्या वहीपासून करावी; कामाला खरोखर लागणारी माहिती तीत सापडते आणि अधिकृत नमुन्यातील कोणते रकाने केवळ वरिष्ठांसाठी भरले जातात हेही तीवरून कळते.