टूल व्हॅलिडेशन: सीव्हीआय, डेल्फी की नॉमिनल ग्रुप?

एमएस्सी नर्सिंगच्या अनेक प्रबंधांच्या परिशिष्टात व्हॅलिडेशन सर्टिफिकेटांची चळत असते. सगळ्यांवर मजकूर एकच: टूल तपासले, योग्य आहे, सही, शिक्का. तज्ज्ञांनी टूल पाहिलं, एवढंच त्यातून कळतं. कोणत्या आयटमवर किती जण सहमत होते, कोण कुठे अडलं आणि त्यावर तुम्ही काय बदललं, हे कुठेच नसतं. व्हायव्हात मात्र नेमकं तेच विचारलं जाऊ शकतं. त्यामुळे सिनॉप्सिस लिहितानाच पद्धत ठरवलेली बरी. पर्याय मुख्यतः तीन आहेत: कंटेंट व्हॅलिडिटी इंडेक्स म्हणजे सीव्हीआय, डेल्फी आणि नॉमिनल ग्रुप टेक्निक.

तुलनेसाठी एक टूल धरू. बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पेरिफेरल आयव्ही कॅन्युला नीट लावता येतो का, हे ऑस्कीच्या स्टेशनवर तपासणारी 20 आयटमची चेकलिस्ट. त्यातला नववा आयटम आहे, ‘निर्जंतुक हातमोजे घालतो’. हा आयटम मुद्दाम निवडलाय, कारण त्यावर जाणकारांतही मतभेद होतात. पेरिफेरल कॅन्युलासाठी स्वच्छ, न-निर्जंतुक हातमोजे चालतात. अट एवढीच की जंतुनाशक लावल्यावर त्या जागेला पुन्हा हात लावायचा नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. पण एखाद्या कॉलेजच्या प्रोसिजर मॅन्युअलमध्ये ‘निर्जंतुक’ असं छापलेलं असेल, तर तिथले शिक्षक तेच बरोबर मानणार.

सीव्हीआय: आयटम तयार आहेत, आकडा हवा आहे

यात तज्ज्ञ एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकाला चेकलिस्ट स्वतंत्रपणे जाते आणि तो प्रत्येक आयटमला 1 ते 4 गुण देतो: अजिबात संबंधित नाही, थोडा संबंधित, बराच संबंधित, अत्यंत संबंधित. 3 किंवा 4 देणाऱ्यांच्या संख्येला एकूण तज्ज्ञांनी भागलं की त्या आयटमचा आय-सीव्हीआय मिळतो. मेरी लिन यांच्या 1986 च्या लेखापासून नर्सिंगमध्ये रूढ झालेला नियम असा: तज्ज्ञ 5 किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत हवं, 6 किंवा जास्त असतील तर 0.78 च्या आसपासचा आकडा चालतो. म्हणजे पाच जण घेतले तर एकाच्या नकारानेही आयटम पडतो. सात घेतले तर सहा जणांची सहमती लागते, एकाचा वेगळा सूर चालतो. त्यामुळे नऊ जणांना विचारून सात ते नऊ उत्तरं हाती येतील असं बघा.

एक्सेलमध्ये सात तज्ज्ञांचे गुण B ते H या रकान्यांत असतील तर सूत्र एवढंच:

```
=COUNTIF(B2:H2,">=3")/COUNT(B2:H2)
```

एखाद्याने रकाना रिकामा सोडला तर हे सूत्र भाजक आपोआप 6 करतं. ते तक्त्याखाली लिहा, नाहीतर 0.83 हा आकडा सातांच्या पॅनलमध्ये आला कसा, असा प्रश्न येतो.

आता आपली चेकलिस्ट. समजा सात तज्ज्ञांची उत्तरं अशी आली: 13 आयटमवर सातही सहमत, 4 आयटमवर सहा, 2 आयटमवर पाच, आणि नवव्या आयटमवर फक्त तीन. सगळ्या आय-सीव्हीआयची सरासरी, म्हणजे एस-सीव्हीआय/एव्हरेज, 0.91 येते. मान्य मर्यादा 0.90 आहे. टूल पास! पण त्याच टूलमध्ये दोन आयटम 0.71 वर आणि एक 0.43 वर बसलेत. सरासरीने ते झाकले. पूर्ण एकमत असलेल्या आयटमचं प्रमाण, म्हणजे एस-सीव्हीआय/यूए, काढलं तर 20 पैकी 13, म्हणजे 0.65 येतं, आणि चित्र उघडं पडतं. प्रबंधात फक्त सरासरी देऊन मोकळं होऊ नका. प्रत्येक आयटमचा आकडा आणि दोन्ही एस-सीव्हीआय द्या.

योगायोगाने जुळलेली मतं वजा करायची असतील तर सुधारित कप्पा काढतात. सात पैकी पाच सहमत असतील तर तो सुमारे 0.66 येतो. 0.60 ते 0.74 ला ‘चांगला’ म्हणतात, त्यावर ‘उत्कृष्ट’. म्हणजे ते दोन आयटम काढून टाकण्याऐवजी शब्द सुधारून दुसऱ्या फेरीत पाठवण्याच्या लायकीचे आहेत.

नववा आयटम मात्र या पद्धतीची मर्यादा दाखवतो. प्रश्न ‘संबंधित आहे का’ असा विचारलाय. ‘बरोबर आहे का’ असं कुणी विचारलेलंच नाही. इन्फेक्शन कंट्रोल नर्सला ‘निर्जंतुक’ चुकीचं वाटतं म्हणून ती 1 देईल. दुसरा तज्ज्ञ हातमोजे या विषयाशी संबंधित आहेत म्हणून 4 देईल, मग त्याला शब्द चुकीचा वाटत असला तरी. दोघांचं मत एकच, गुण उलटे. म्हणून संबंधिततेच्या रकान्याशेजारी स्पष्टतेचा रकाना ठेवा, आणि 1 किंवा 2 दिल्यास कारण लिहिणं सक्तीचं करा. गुगल फॉर्ममध्ये गुणांनुसार पुढचा सेक्शन उघडण्याची सोय आहे, पण त्यासाठी जवळपास प्रत्येक आयटमचा वेगळा सेक्शन करावा लागतो. 20 आयटमला ते जमतं, 60 ला जीव मेटाकुटीला येतो.

डेल्फी: मतभेद खरा आहे आणि कारणं हवी आहेत

ही पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत आकाराला आली. पायाचे दगड तीन: सहभागींना एकमेकांची नावं माहीत नसतात, प्रश्नावली एकापेक्षा जास्त फेऱ्यांत जाते, आणि दर फेरीनंतर गटाचं उत्तर सगळ्यांना कळवलं जातं. तिसरी गोष्ट केली नाही तर ती डेल्फी नाही. सीव्हीआयच्या दोन फेऱ्या करून शीर्षकात ‘डेल्फी’ लिहिणं ही नेहमीची चूक आहे.

नवव्या आयटमचं इथे काय होतं ते बघा. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक तज्ज्ञाला तीन गोष्टी जातात: गटाच्या गुणांची विभागणी, त्याचा स्वतःचा गुण, आणि नावाशिवाय दिलेली कारणं. ‘जागा पुन्हा चाचपली नाही तर स्वच्छ हातमोजे पुरेसे’ हे वाक्य वाचून मॅन्युअलवर बोट ठेवणारा मत बदलू शकतो, आणि बदलला तरी कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. दुसऱ्या फेरीत आयटमचे दोन आयटम होतात: ‘स्वच्छ हातमोजे घालतो’ आणि ‘जंतुनाशक लावल्यावर टोचण्याच्या जागेला पुन्हा स्पर्श करत नाही’. एकाच आयटममध्ये दोन्ही कोंबू नका. एक केलं आणि दुसरं नाही तर निरीक्षक खूण कुठे करणार?

याची किंमत वेळेत मोजावी लागते. फेरी भरायला दोन-तीन आठवडे, आठवणी करायला आणखी एक, विश्लेषणाला एक; तीन फेऱ्या म्हणजे तीन-चार महिने गेले. एकमताची मर्यादा सगळीकडे एकच नाही. 70 ते 80 टक्के अनेकदा वापरतात. पहिली फेरी पाठवण्याआधी ती सिनॉप्सिसमध्ये लिहा, कारण उत्तरं पाहून ठरवलेली मर्यादा ही मर्यादाच नव्हे.

सगळ्यात फसवी गोष्ट गळतीची. समजा 15 जणांपैकी 10 सहमत होते, म्हणजे 67 टक्के. तुमची मर्यादा 75. दुसऱ्या फेरीत असहमत असलेल्या पाचांपैकी दोघांनी फॉर्मच भरला नाही. आता 13 पैकी 10, म्हणजे 77 टक्के. एकमत झालं, पण मत कुणीच बदललेलं नाही! हे पकडायचं असेल तर दोन्ही फेऱ्या पूर्ण करणाऱ्या 13 जणांचा पहिल्या फेरीचा आकडा वेगळा काढा. तोही 77 असेल तर वाढ गळतीची आहे.

गुप्तताही किरकोळ चुकीने जाते. सगळ्यांचे पत्ते To मध्ये टाकून एक मेल गेला, किंवा सोयीसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, की डेल्फी तिथेच संपली. पत्ते Bcc मध्ये, नाहीतर प्रत्येकाला वेगळा मेल.

नॉमिनल ग्रुप: आयटमच अजून ठरलेले नाहीत

डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी 1971 मध्ये मांडलेली ही पद्धत. पाच ते नऊ जण, एक खोली, साधारण दोन तास. एकच प्रश्न फळ्यावर: ‘कॅन्युला लावताना कोणत्या चुकीवर विद्यार्थी नापास व्हायलाच हवा?’ आधी सगळे गप्प बसून लिहितात. मग एकेकाने आळीपाळीने एकच मुद्दा सांगायचा, चर्चा नाही. यादी संपली की फक्त स्पष्टीकरण, आणि शेवटी प्रत्येकाने पाच मुद्दे निवडून गुप्तपणे 5 ते 1 गुण द्यायचे.

एका दुपारी काम होतं, ही जमेची बाजू. नवव्या आयटमचा घोळ इन्फेक्शन कंट्रोल नर्स दोन वाक्यांत सोडवते. पण आपल्याकडे खोलीत प्राचार्य असतील तर स्टाफ नर्स त्यांच्यासमोर कितपत बोलेल, हे वेगळं सांगायला नको. लेखी सुरुवात आणि गुप्त मतदान थोडं सावरतं, पूर्ण नाही. शिवाय हाती येते ती क्रमवारी. 20 आयटमपैकी प्रत्येक आयटम वैध आहे का, याचं उत्तर ती देत नाही.

| | सीव्हीआय | डेल्फी | नॉमिनल ग्रुप |
|---|---|---|---|
| केव्हा | मसुदा तयार | मसुद्यावर वाद | मसुदा नाही |
| माणसं | 7–9 | 15 च्या आसपास | 5–9 |
| वेळ | 4–8 आठवडे | 3–4 महिने | एक दुपार |
| हाती काय | प्रत्येक आयटमचा आकडा | आकडा आणि कारणं | क्रमवारी |

दोन वर्षांच्या कोर्समध्ये बहुतेकांना दोन फेऱ्यांचा सीव्हीआयच झेपतो, आणि मसुदा ग्रंथांतून व मार्गदर्शक सूचनांतून नीट काढला असेल तर तो पुरतो. तुमच्या विषयात पुस्तक एक सांगतं आणि वॉर्ड दुसरंच करतो, असं असेल तरच डेल्फीच्या वाटेला जा.

पॅनल कुठलंही असो, सगळे एकाच कॉलेजचे प्राध्यापक घेतले तर उच्च आकडा म्हणजे त्या कॉलेजचं मॅन्युअल. आपल्या चेकलिस्टला तीन मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचे शिक्षक, रोज कॅन्युला लावणाऱ्या दोन आयसीयू नर्स, एक इन्फेक्शन कंट्रोल नर्स आणि ऑस्की घेण्याचा अनुभव असलेली एक व्यक्ती, असं सात जणांचं पॅनल शोभेल. गाईडना त्यात घेऊ नका; मसुद्यावर त्यांचाच हात फिरलेला असतो.

आकडे जुळले तरी एक गोष्ट पॅनलच्या नजरेतून सुटू शकते. ‘टॉर्निकेट सोडतो व स्टायलेट काढतो’ या आयटमला सातही जण 4 देतील, कारण दोन्ही कृती आवश्यकच आहेत. मग पायलटमध्ये एक विद्यार्थी स्टायलेट आधी काढतो, रक्त चादरीवर येतं, त्यानंतर तो टॉर्निकेट सोडतो. एक निरीक्षक ‘केले’वर खूण करतो, दुसरा ‘नाही केले’वर. आय-सीव्हीआय 1.00 असलेला हा आयटम इथे पडतो. म्हणून पॅनलनंतर दोन निरीक्षकांकडून त्याच विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि दोघांच्या खुणा योगायोगापलीकडे किती जुळतात हे सांगणारा कोहेनचा कप्पा काढा. दुरुस्ती छोटीच आहे: ‘स्टायलेट काढण्याआधी टॉर्निकेट सोडतो’.