झाकून भाषांतर करण्याची पद्धत: सहा महिने वापरल्यावर (आणि ‘द्वारे’बद्दल एक तक्रार)

इंग्रजी परिच्छेद दोनदा वाचायचा, कागद पालथा घालायचा, लक्षात राहिले ते मराठीत लिहायचे आणि शेवटी मूळ उघडून ताडून बघायचे. ही पद्धत भाषांतर करणाऱ्यांना ठाऊक असतेच, तेव्हा ती समजावत बसत नाही. सूचना, पत्रे, पत्रके असल्या छोट्या मजकुरांवर सहा महिने वापरून झाली. खर्च एक पेन्सिल आणि पाठकोरे कागद, म्हणून सुरुवातीला फारच आवडली होती. आज लिहायला बसलो ते ‘रंगहीन पाणी’मुळे.

मजकूर साधा होता: सोसायटीच्या टाक्या धुण्याची पाच वाक्यांची सूचना. झाकून लिहिलेला पहिला मसुदा असा उतरला:

‘कृपया नोंद घ्यावी की या रविवारी आमच्या कंत्राटदाराद्वारे गच्चीवरील टाक्या स्वच्छ केल्या जातील. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत पाणीपुरवठा बंद केला जाईल. रहिवाशांना विनंती आहे की त्यांनी पुरेसे पाणी आगाऊ साठवून ठेवावे. पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर जर रंगहीन पाणी दिसले तर कृपया वापरण्यापूर्वी काही मिनिटे नळ चालू द्यावा. झालेल्या कोणत्याही गैरसोयीबद्दल आम्ही क्षमस्व आहोत.’

मूळ शब्द ‘डिसकलर्ड’. म्हणजे रंग बिघडलेले, गढूळ. ‘रंगहीन’ म्हणजे स्वच्छ पाणी! या सूचनेप्रमाणे वागायचे तर चांगले पाणी आले की ते मोरीत सोडून द्यायचे. कागद झाकला तरी इंग्रजी शब्द डोक्यात तसाच बसून राहतो, तो असा. वाचताना शब्द दिसला, पाणी दिसले नाही. म्हणून आता कागद पालथा घालण्याआधी एक पायरी वाढवली आहे: प्रत्येक वाक्यात काय घडते ते तोंडाने मराठीत सांगायचे, लिहायचे नाही. ‘टाकी धुतली की तळाचा गाळ ढवळतो, मग नळाला मळकट पाणी येते.’ एवढे बोलून झाल्यावर ‘रंगहीन’ लिहायला हात धजत नाही.

नेमका शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश उलटा वापरून बघा, हा या सहा महिन्यांतला अनपेक्षित फायदा. कोश मराठी-इंग्रजी आहे, पण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याच्या अर्थांमध्येही शोध घेता येतो. ‘टर्बिड’ शोधले की ‘गढूळ’ हाती लागतो. फक्त ती दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. मिळालेला शब्द कोणाच्या तोंडून कधी ऐकला नसेल तर गपचूप सोडून द्यावा.

आता ‘द्वारे’. यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण पद्धत कितीही पाळली तरी हा पाहुणा हटत नाही. ‘कंत्राटदाराद्वारे टाक्या स्वच्छ केल्या जातील’ असे घरात कोणी म्हणत नाही. इंग्रजीत ‘बाय’ आला की हात आपोआप ‘द्वारे’ लिहितो. तोडगा सोपा आहे. मुळात ‘बाय’ असेल तर करणारा कोण ते सांगितलेले आहे, मग त्यालाच कर्ता करा: ‘ठेकेदाराची माणसे टाक्या धुतील.’ ‘बाय’ नसेल तर कर्ता शोधत बसू नका, घडणारी गोष्ट सांगणारे क्रियापद घ्या. ‘पाणीपुरवठा बंद केला जाईल’ याचे ‘नळाला पाणी येणार नाही’ होते. पाणी कोण बंद करणार हे मुळातही नव्हते, इथेही नाही, आणि वाचणाऱ्याला त्याच्या नळाचे काय ते कळले.

दोन महिन्यांपूर्वी हेच लिहिले असते तर ‘करण्यात येईल’ हद्दपार करा असेही म्हटले असते. ते मत आता बदलले आहे. ‘थकबाकीदारांवर कारवाई करण्यात येईल’ हे अस्सल मराठी दफ्तरी वाक्य आहे. कारवाई कोण करणार हे मुद्दाम सांगायचे नसते आणि धमकीचे वजन त्या न सांगण्यातच असते. इंग्रजी मजकूर असाच ताठ असेल तर ‘करण्यात येईल’ ठेवावे. टाकी धुण्यात असे काही लपवायचे नाही.

‘कृपया’ची मात्र गरज नाही. मसुद्यात दोनदा आहे आणि दोन्ही काढता येतात. मराठीत आर्जव क्रियापदात असते: ‘ठेवावे’ म्हटले की विनंती झाली. फळ्यावरच्या सूचनेला ‘ठेवावे’, व्हॉट्सअॅप गटावर ‘ठेवा’. एकाच सूचनेत दोन्ही आले तर मध्येच माणूस बदलल्यासारखे वाटते. मोठ्याने वाचताना ही चूक लगेच कानाला लागते, डोळ्यांना नाही. आणि ‘आम्ही क्षमस्व आहोत’ तर नकोच. ‘क्षमस्व’ म्हणजेच ‘क्षमा कर’, त्याला ‘आहोत’ जोडता येत नाही.

सुधारून हाती आले ते:

‘येत्या रविवारी ठेकेदाराची माणसे गच्चीवरच्या टाक्या धुतील. सकाळी १० ते दुपारी ४ नळाला पाणी येणार नाही. लागेल तेवढे पाणी आधीच भरून ठेवावे. पाणी आल्यावर गढूळ दिसले, तर काही मिनिटे नळ सोडून ठेवावा आणि मगच पाणी वापरावे. तसदीबद्दल दिलगीर आहोत.’

‘या रविवारी’चे ‘येत्या’ केले, कारण सूचना सोमवारी लागली तर ‘या रविवारी’ म्हणजे काल की पुढचा, असा प्रश्न पडतो. ‘काही मिनिटे’ झाकून लिहिताना एकदा गळले होते, ताडताना सापडले. मूळ कागदावर आकडे, वेळा आणि ‘जर-तर’ यांखाली आधीच पेन्सिलीने रेघ मारली की ही गळती थांबते.

वाक्प्रचार आला की मात्र ही पद्धत कुचकामी. एका पत्रात ‘बेंट ओव्हर बॅकवर्ड्स’ होते आणि पुढच्याच वाक्यात ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’. झाकून लिहिले की हात वाक्प्रचाराला वाक्प्रचार शोधतो आणि ‘आम्ही जिवाचे रान केले’ उतरते. अर्थ जुळतो, पण तीव्रता जुळत नाही. जिवाचे रान आई मुलाच्या आजारपणात करते. बिलाची दुरुस्ती करून देणारे कार्यालय करत नाही. तिथे ‘आमच्याकडून होईल तेवढे केले. आता काय ते तुम्ही कळवा’ एवढे पुरते. दुसऱ्या वाक्यातला ‘काय ते’ चेंडूचे सगळे काम करतो, थोडी नाराजीसुद्धा त्यातच येते. म्हणून वाक्प्रचार दिसला की आधी समासात लिहून ठेवायचे, बोलणारा चिडलाय, मिरवतोय की हात झटकतोय, आणि मग कागद झाकायचा.

वेळ पाच वाक्यांना अर्धा तास. सरळ शब्दाला शब्द ठेवला तर दहा मिनिटे लागतात, पण पुढे दुरुस्तीत पाऊण तास जातो, म्हणजे हिशेब झाकण्याच्या बाजूनेच. पाचपैकी साडेतीन गुण. करारनामे आणि औषधाच्या सूचनांना ही पद्धत लावू नये. तिथे वाक्य समोर ठेवूनच लिहावे, कारण ‘जेवणाआधी’ आणि ‘उपाशीपोटी’ हे दोन शब्द आठवणीतून लिहिताना सहज अदलाबदल होतात, आणि गोळी घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.